फितीसारखे रुंद धागे

माझी आणि पेशंटची भेट सहसा होत नाही. माझ्याकडे येते ती त्यांची थुंकी, त्यांचं रक्त, कधी शरीरातून कापून काढलेला मांसाचा तुकडा. बाटलीवर नाव असतं, वय असतं, वॉर्डचा नंबर असतो. मुलुंडच्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची डॉक्टर म्हणून एकोणीस वर्षं मी काम करते आहे आणि या एकोणीस वर्षांत नावं हजारो वाचली. चेहरे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आठवतात. त्यातला एक चेहरा एका मराठीच्या शिक्षिकेचा आहे.

ती चौतीस वर्षांची होती. अंधेरीच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवायची. राहायला बोरिवलीच्या पलीकडच्या जुन्या गावठाणात, ख्रिश्चन कुटुंब, घरात आई आणि ती, दोघीच. आईची थोडी वाडी होती; वाल, वांगी, माठ लावायची आणि स्टेशनबाहेर बसून विकायची. लेकीला रक्ताचा कॅन्सर झाला, ल्युकेमिया, त्यातला लिंफोब्लास्टिक प्रकार. पहिल्या टप्प्याची केमो घ्यायला ती आमच्याकडे दाखल झाली. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मला तिचा फक्त तुकडा भेटला.

ऑक्टोबरचे दिवस होते. दुपारी पावणेतीनच्या सुमारास वरून एक छोटी बाटली आली. सलाइनमध्ये तरंगणारा, हरभऱ्याच्या डाळीएवढा काळपट तुकडा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : उजव्या नाकपुडीतील ऊती, बुरशीसाठी तपासणी, तातडीचे.

त्या दिवशी माझ्या हाताशी ज्या तंत्रज्ञ होत्या, त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. वीस वर्षं जीवरसायनाच्या बाजूला काढून महिन्यापूर्वीच आमच्या विभागात आल्या होत्या. कामाला चोख. कुठलाही तुकडा आला की तो खलात घालून बारीक वाटायचा आणि मग जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरायचा, हे त्यांनी वाचून पक्कं केलं होतं. मी वळले तेव्हा त्यांच्या हातात बत्ता होता.

"ताई, थांबा. हा वाटू नका."

"पण मॅडम, सगळ्या टिश्यूला आपण..."

"बॅक्टेरियासाठी वाटतो. इथे बुरशी शोधायचीय, आणि नाकातला काळा तुकडा आहे. म्युकर असली तर तिचे धागे पोकळ असतात, मध्ये पडदे जवळजवळ नसतात. वाटले की फुटतात, मरतात, मग प्लेटवर काही उगवत नाही. ब्लेडने बारीक तुकडे करा, बस."

त्यांनी बत्ता खाली ठेवला. "तुम्ही नसतात तर मी वाटलाच असता," त्या म्हणाल्या.

मी हे इतक्या ठामपणे का सांगू शकले, ते इथे सांगते, कारण त्यात माझी बढाई काही नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे घाटकोपरच्या एका माणसाचा असाच तुकडा आला होता. मूत्रपिंड बदललेला माणूस. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्याला स्टिरॉइडचे मोठे डोस दिले होते. तो तुकडा मी वाटला. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चुरा दिसला, प्लेटवर काही आलं नाही आणि मी रिपोर्टवर सही केली : बुरशी आढळली नाही. विकृतिशास्त्राच्या विभागाने त्याच तुकड्याचा दुसरा भाग मेणात बसवून कापला होता. त्यांचा अहवाल तीन दिवसांनी आला, त्यात बुरशी भरलेली होती. तोवर ती त्या माणसाच्या मेंदूपर्यंत गेली होती. मला कोणी बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या वर्षी मी बुरशीबद्दल मिळेल ते सगळं वाचलं, सुट्टी काढून दुसऱ्या रुग्णालयात शिकायला जाऊन बसले. पुढे करोनाच्या दुसऱ्या लाटेत जेव्हा साखर वाढलेले, स्टिरॉइड घेतलेले लोक सुजलेले गाल घेऊन येऊ लागले आणि आमच्या टेबलावर काळ्या तुकड्यांची रांग लागली, तेव्हा माझे डोळे तयार होते.

तर त्या दुपारी. बारीक केलेल्या तुकड्यातला थोडा भाग मी काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. हा थेंब माणसाचं मांस हळूहळू विरघळवतो, बुरशीची भिंत तेवढी शाबूत राहते. सोबत चमकणाऱ्या रंगाचा एक थेंब, जो बुरशीच्या भिंतीला धरून बसतो. दहा मिनिटं थांबले आणि खोलीतला दिवा मालवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काळ्या पार्श्वभूमीवर निळसर पांढऱ्या फिती. रुंद, कुठे फुगलेल्या, कुठे दुमडलेल्या, जशी शिंप्याच्या टेबलावरून खाली पडलेली नाडी. एक फांदी जवळजवळ काटकोनात फुटलेली. आडवे पडदे शोधायला मला पट्टीभर हिंडावं लागलं.

अशा पेशंटमध्ये सापडणारी दुसरी बुरशी, अॅस्परजिलस, अशी दिसत नाही. ती बारीक असते, एकसारख्या जाडीची, ठरावीक अंतरावर आडवे पडदे असलेली, आणि इंग्रजी वाय अक्षरासारखी निमुळत्या कोनात फाकत जाते. दोन्ही बुरश्या एकाच तऱ्हेच्या माणसाला गाठतात : ज्याच्या पांढऱ्या पेशी केमोने संपवल्यात, जो स्टिरॉइडवर आहे, ज्याला कोणाचा तरी अवयव बसवलाय. म्युकरला त्यात आणखी एक गोष्ट आवडते, वाढलेली साखर. पण औषधाच्या बाबतीत दोघींच्या वाटा वेगळ्या. एकीवर चालणारं औषध दुसरीवर चालत नाही.

मी कागद उलटून पाहिला. मागे चालू औषधांची यादी होती. शेवटची ओळ त्याच सकाळची : व्होरिकोनॅझोल. अॅस्परजिलसवरचं उत्तम औषध. म्युकरवर शून्य.

मी रक्तविकारांच्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मोजकं बोलणारे, वॉर्डात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

"सर, तुमच्या शिक्षिकेचा तुकडा बघितला. व्होरी बंद करा. म्युकर दिसतेय."

"तीन दिवसांपासून ताप आहे. गॅलॅक्टोमॅनन पाठवलंय, उद्या येईल. आणि तिच्याच वॉर्डात पंधरा दिवसांपूर्वी अॅस्परजिलस सापडली होती, रिपोर्ट तुम्हीच दिला होतात."

ते खरं होतं. तिच्या शेजारच्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांच्या फुप्फुसात अॅस्परजिलस निघाली होती आणि याच औषधावर ते सुधारत होते. डॉक्टरांनी तोच धागा धरला होता. त्यात चूक काही नव्हती. समोर पुरावा नसताना मीही तोच धरला असता.

"म्युकर असली तर ती गॅलॅक्टोमॅननची चाचणी कोरीच येणार सर. तो पदार्थ अॅस्परजिलस सोडते, म्युकर सोडतच नाही. तुम्ही खाली येऊन बघा."

"किती खात्री आहे?"

"अॅस्परजिलस नाही याची पक्की. म्युकर आहे हे प्लेट उद्या सांगेल. पण उद्यापर्यंत थांबू नका."

ते पाच मिनिटांत खाली आले. जिने उतरून आले असावेत, थोडा दम लागला होता. खुर्चीवर न बसता वाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पट्टी थोडी सरकवली, पुन्हा पाहिलं.

"हे रुंद आहे," ते म्हणाले.

"हो."

"लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन सुरू करतो. आत्ता." दाराशी जाऊन ते थांबले. "मॅडम, थँक यू." एकोणीस वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून दोनदा ऐकलंय.

ती बुरशी तिथवर पोचली कशी, ते मी त्या संध्याकाळी केसपेपर चाळून जुळवलं. या प्रकारच्या ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यात रोज स्टिरॉइड असतं. सोबतचं दुसरं एक इंजेक्शन स्वादुपिंडाला त्रास देतं. दोन्ही मिळून तिची साखर साडेतीनशेच्या वर गेली होती, तीही जिला आधी कधी मधुमेह नव्हता अशा बाईची. केमोने पांढऱ्या पेशी दोन आठवडे जवळपास नाहीशा होत्या. बुरशी होऊ नये म्हणून तिला आधीपासून एक औषध चालू होतं, पण ते म्युकरला लागू पडत नाही. लागू पडणारी गोळी आहे, पण ती आणि केमोतलं एक औषध एकत्र आलं की हातापायांच्या नसा बधिर होतात, आतडी थांबतात. म्हणून ती टाळली होती. कुणी हलगर्जीपणा केला असं म्हणायला त्या कागदांत जागा नव्हती. फक्त एकेक दार उघडं राहत गेलं होतं.

ते ओळखलं कोणी, तर वॉर्डातल्या एका सिस्टरने. सकाळी पेशंटचा चेहरा ओल्या कपड्याने पुसताना तिने विचारलं, थंड लागतंय का? पेशंट म्हणाली, डावीकडे लागतंय, उजवीकडे काहीच कळत नाहीये. आणि वरचा एक दात सैल झाल्यासारखा वाटतोय. सिस्टरने पुसणं तिथेच थांबवलं आणि फोन उचलला. ताप कशाचाही असतो. बधिर झालेला गाल मात्र काहीतरी नेमकं सांगत असतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरणीने तासाभरात येऊन नाकात दुर्बीण घातली, आतल्या भिंतीवर काळी खपली बघितली आणि तिचाच तुकडा माझ्याकडे पाठवला होता.

ती डॉक्टरीण माझी मैत्रीण. पार्ल्याची, तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लेट बघितली तेव्हा तिलाच आधी हाक मारली. रात्रभरात अख्खी प्लेट राखाडी कापसाने भरली होती, झाकणाला जाऊन टेकली होती. इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं काही आमच्या विभागात नसतं.

"बघ, तुझी म्युकर."

"झक मारली," ती म्हणाली. "एमआरआयमध्ये टाळूपर्यंत आहे. डोळ्याच्या खोबणीच्या उंबऱ्यावर थांबलीय. मी आज दुपारी आत जातेय. प्लेटलेट बावीस हजार आहेत, चढवून घेते."

"औषधावर दोन दिवस थांबून चालणार नाही का?"

"नाही गं. ही रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, त्या बुजवते. पुढचं मांस मरतं. मेलेल्या मांसात रक्त नाही, म्हणजे तुमचं औषधही नाही. ते काढल्याशिवाय औषध पोचणार कुठे? रक्त येईपर्यंत कापत जायचं. जिथे रक्त आलं तिथे जिवंत आहे, तिथे थांबायचं." मग ती म्हणाली, "वर चल. ती प्रश्न विचारतेय, बुरशीबद्दल. ते तू सांग."

म्हणून मी गेले. मास्क, गाऊन घालून त्या खोलीत शिरले तेव्हा खाटेवर डोक्याचे केस गेलेली, उजवा गाल सुजलेली एक बाई उशाला टेकून बसली होती. बाजूच्या स्टुलावर तिची आई, नऊवारीवर रुग्णालयाचा गाऊन चढवलेली, हात मांडीवर घट्ट धरून.

मैत्रिणीने ऑपरेशन समजावून सांगितलं. वरचा जबडा उजवीकडून आणि टाळूचा काही भाग काढावा लागेल. डोळा वाचवायचा प्रयत्न आहे, आणि तो वाचेल असं तिला वाटतं.

शिक्षिकेने शांतपणे ऐकलं. "मला बोलता येईल?"

"सुरुवातीला नाही नीट. नाकात बोलल्यासारखं येईल, पाणी प्यायलीस तर नाकातून येईल. मग दातांचे डॉक्टर एक प्लेट करून देतात, टाळूच्या भोकावर झाकणासारखी बसते. ती लावली की बोलशील."

"वर्गात ऐकू जाईल इतकं?"

"शेवटच्या बाकापर्यंत."

"मग करा," ती म्हणाली आणि सहीसाठी हात पुढे केला.

मी निघताना तिची आई माझ्यामागे दाराबाहेर आली आणि हळूच म्हणाली, "बाय, एक विचारू? माज्यामुले झाला का हे? मी वाडीतून येते. पायाला माती, लुगड्याला माती. खताचा ढीग हाय आमचा. तीच बुरशी मी पोरीला आणली काय?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, निरनिराळ्या शब्दांत. खोटं सांत्वन मी करत नाही, पण इथे खरंच सांगण्यासारखं होतं.

"आजी, ही बुरशी मातीत आहे, खतात आहे, शिळ्या पावात आहे, भिंतीच्या ओलीत आहे, या पॅसेजमधल्या हवेत आहे. माझं घर कांजूरला. कचऱ्याच्या डम्पिंगवरचा वारा सुटला की आम्ही खिडक्या लावतो, तरी घरात येतच असेल. तुम्ही, मी, आत्ता इथे उभ्या आहोत तेवढ्यात तिचे कितीतरी कण श्वासातून आत घेतले. आपल्याला काही होत नाही, कारण आत पांढऱ्या पेशी बसल्यात. कण आला की काही पेशी तो गिळतात, तो रुजलाच तर दुसऱ्या त्याचे धागे मारतात. तुमच्या लेकीच्या या पेशी औषधाने गेल्यात, थोड्या दिवसांसाठी. साखर वाढली तर ज्या उरल्यात त्यांनाही झोप येते. म्हणून तिला झालं."

"म्हंजे माती नाय?"

"कुठून आली ते मला कधीच सांगता येणार नाही. तुमच्या पायाची असेल, तशीच आमच्या छताचीही असेल. म्हणून इथे येताना आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला, आणि वाडीतून थेट येऊ नका. पण दोष लावून घेऊ नका. असं काही होईल हे माहीत असतं तर तुम्ही वाडीतून थेट आलाच नसतात."

तिने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती ओलेत्या केसांनी, परीटघडीचं लुगडं नेसून यायला लागली, सिस्टर म्हणाल्या.

छताचं मी उगाच बोलले नव्हते. त्या मजल्याच्या टोकाला एसीच्या कामासाठी तीन आठवड्यांपूर्वी छत उघडलं होतं. वर येतानाच मला तिकडची धूळ दिसली होती; आजींशी बोलून मी तिकडे गेले. पत्र्याच्या एका फळीमागे दोन माणसं जिप्सम कापत होती, पांढरी धूळ पॅसेजभर पसरली होती. रुग्णालयातल्या जंतुसंसर्गावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझी. हे काम सुरू होण्याआधी मला कळवायला हवं होतं. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्यांना मी तिथूनच फोन केला.

"दोन दिवसांचं काम उरलंय मॅडम. आता बंद केलं तर कॉन्ट्रॅक्टर पळेल."

"पळू दे. या मजल्यावर ज्यांच्या अंगात पांढऱ्या पेशी नाहीत अशी सात माणसं आहेत. जुनं छत फोडलं की त्यावरची वर्षानुवर्षांची बुरशी हवेत सुटते. एक अॅस्परजिलस आधीच झालीय, आता म्युकर. काम बंद, आत्ता. परत सुरू होईल तेव्हा छतापासून जमिनीपर्यंत प्लास्टिकचा पडदा, आतली हवा बाहेर खेचणारा पंखा, पाणी मारून कापणं, आणि पेशंट त्याआधी खालच्या मजल्यावर."

"याच कामामुळे झालं असं सिद्ध होतं का?"

"नाही होत. सिद्ध व्हायची वाट मी बघणार नाही."

मग ते म्हणाले, "लेखी द्या." मी दिलं. संध्याकाळी पेशंट हलले. पुढच्या आठवड्यात काम परत सुरू झालं तेव्हा मी त्या मजल्यावर ठिकठिकाणी उघड्या प्लेट ठेवून हवा तपासली, कामाआधी, कामाच्या वेळी, नंतर. अजून ती पद्धत चालू आहे. कोणतंही छत उघडायचं असलं की आता आधी माझा फोन वाजतो.

ऑपरेशन पावणेचार तास चाललं. मैत्रीण बाहेर आली तेव्हा तिच्या टोपीच्या कडेने घाम ओघळत होता. "रक्त लागलं," तिने मला सांगितलं. "सगळीकडून. डोळा आहे." तिने पाठवलेले कडेचे तुकडे मी पाहिले. दोनांत धागे होते, तीन कोरे. चार दिवसांनी ती पुन्हा आत गेली, थोडं आणखी काढलं. तिसऱ्या वेळच्या तुकड्यांत मला काही सापडलं नाही. मी दोनदा नव्याने पट्ट्या करून पाहिल्या. मग सही केली. या वेळी लिहिलेलं "बुरशी आढळली नाही" मला माझ्या डोळ्यांनी पटलेलं होतं.

पुढचे सहा आठवडे औषधाचे. अॅम्फोटेरिसिन पिवळट रंगाचं असतं, साखरेच्या पाण्यातूनच द्यावं लागतं, मिठाच्या पाण्यात ते फाटतं. साखर वाढलेल्या बाईला साखरेचं पाणी, म्हणून इन्शुलिन सोबत चालू. या औषधाने मूत्रपिंडाला त्रास होतो, रक्तातलं पोटॅशियम खाली जातं. रोज रक्त, रोज आकडे. पहिल्या दोन डोसांना ती थरथर कापली, नंतर सवय झाली. स्टिरॉइड जमेल तितकं कमी केलं, केमो काही दिवस थांबवली. रक्तविकाराचे डॉक्टर या काळात दोन बाजूंनी ओढले जात होते. केमो थांबवली तर कॅन्सर परतायची भीती, चालू ठेवली तर बुरशी. एकदा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, आता फक्त तिच्या पेशी यायला हव्यात. बाकी सगळं म्हणजे आपण वेळ काढतोय."

पेशी आल्या. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी सकाळच्या रक्तात चारशे, मग आठशे, मग दीड हजार. मी त्या काळात तिचे आकडे रोज बघायची, जे माझं कामच नव्हतं. ज्या दिवशी हजार ओलांडले त्या दिवशी मी ताईंना सांगितलं आणि त्यांनी कँटीनमधून दोन चहा मागवले. चहा प्यायलो आणि पुढच्या बाटल्या उघडल्या.

टाळूची प्लेट व्हायला वेळ लागला. जखम भरेपर्यंत एक तात्पुरती प्लेट दिली होती. त्या दिवसांत मी मधूनमधून वर जायची. तिचं बोलणं नाकातून घोगरं यायचं, "क" आणि "ग" तर ओळखूच येत नसत. ती पाटीवर लिहायची. एकदा लिहिलं : माझ्या वर्गातली मुलं अशुद्ध बोलली की मी त्यांना तीनदा म्हणायला लावायची. आता माझी पाळी. आणि मग खरंच, आईकडे तोंड करून ती एकेक अक्षर म्हणत बसायची. आई वाल सोलता सोलता ऐकायची आणि म्हणायची, "हा नाय आला. परत बोल."

कॅन्सर त्या पहिल्या टप्प्यातच मागे हटला होता. डिसेंबरमध्ये केमोचा पुढचा टप्पा सुरू झाला, या वेळी बुरशीवरची गोळी सोबत ठेवून. केमोच्या त्या एका औषधाआधी आणि नंतर गोळीचे दिवस मोजून सोडायचे, ते वेळापत्रक आमच्या औषधशाळेतल्या बाईंनी भिंतीवर चिकटवलं. साखर पहिल्या दिवसापासून दिवसातून चारदा. नाकाची दुर्बीण दर आठवड्याला. कॅन्सर परतू नये म्हणून दोन वर्षं देखभालीच्या गोळ्या चालल्या. त्या संपल्या तेव्हा तिचं एमआरआय स्वच्छ होतं, रक्त स्वच्छ होतं. उजवा गाल किंचित बसलेला दिसतो. डोळा शाबूत आहे.

शाळेत ती देखभालीच्या गोळ्या चालू असतानाच परत गेली होती. तपासणीला आली की खाली आमच्या विभागात डोकावते, काचेच्या दारातून हात हलवते. पहिल्या दिवसाचं तिनेच सांगितलं.

"सगळी गप्प बसली होती हो. केस नुकते आलेले, गाल असा. मी हजेरी घेतली. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, तुमचा आवाज वेगळा का येतो?"

"मग?"

"मग सांगितलं. टाळूला भोक आहे, त्यावर झाकण बसवलंय. तर सगळी म्हणाली, दाखवा."

"दाखवलंत?"

"काढून हातात धरलं. दोन मिनिटं बघितलं सगळ्यांनी. एकाने विचारलं, धुता का रोज? म्हटलं, दोनदा. परत बसवलं आणि धडा सुरू केला."